गच्चीच्या दुरुस्तीची नोटीस: ठाम तरी शेजारधर्माची

प्रश्न: भुसावळला आमची दोन मजली इमारत आहे. खाली आम्ही राहतो, बाकीची चार बिऱ्हाडं भाड्याने. गच्ची गळते, म्हणून पावसाळ्याच्या आत वॉटरप्रूफिंग करायचं आहे. भाडेकरू चांगले आहेत, वर्षानुवर्षांचे. मी पुढची नोटीस लिहिली, तर घरातून म्हणतात, “ही लावाल तर उद्या जिन्यात कोणी बोलणार नाही.” आणि मऊ लिहिलं तर गच्ची कोणी मोकळी करणार नाही, हा माझा अनुभव आहे. कशी लिहू?

“सर्व भाडेकरूंना सूचित करण्यात येते की, गच्चीच्या दुरुस्तीचे काम लवकरच सुरू करण्यात येणार आहे. तरी सर्वांनी गच्चीवरील सामान त्वरित हटवावे, अन्यथा ते फेकून देण्यात येईल. काम चालू असताना पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल. कोणाचीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. कामात अडथळा आणणाऱ्यास घर खाली करावे लागेल. – मालक”

उत्तर:

तुमच्या घरच्यांना ही नोटीस कडक वाटली. मला ती सैल वाटते. ‘लवकरच’ म्हणजे कधी? ‘त्वरित’ म्हणजे आज, की येत्या रविवारपर्यंत? पाणी किती दिवस नसणार? वरच्या मजल्यावरच्या ताईंनी हे वाचलं तर त्यांना राग येईल, आणि तरीही गच्चीवरची खाट कोणत्या दिवशी उतरवायची हे त्यांना कळणार नाही. मग त्या तुम्हाला जिन्यात गाठतील. त्यांना तुम्ही म्हणाल, “बघू, मिस्त्री आला की सांगतो.” दुसऱ्या कोणाला म्हणाल, “अजून आठ दिवस आहेत.” मऊ लिहिलं की कोणी ऐकत नाही, या तुमच्या अनुभवामागे बहुतेक हाच घोळ असावा. तारीख नसलेली सूचना लोक पाळत नाहीत, ती कितीही गोड किंवा कितीही तिखट असली तरी.

मी जळगाव जिल्ह्यात दिवाणी वकिली करते आणि घरमालक-भाडेकरू हे माझं रोजचं काम आहे. दोन्ही बाजूंचे कागद माझ्या टेबलावर येतात. म्हणून आधी तुमच्या नोटिशीतली तीन वाक्यं काढायला सांगते. ती वाईट दिसतात हे आहेच, पण उद्या वाद झालाच तर ती तुमच्याच अंगावर येतील.

पहिलं पाण्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 प्रमाणे घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे अशा आवश्यक सोयी बंद करता येत नाहीत. टाकीच्या पाइपचं काम आहे म्हणून आधी सांगून एक दिवस पाणी बंद ठेवलं, तर ते कारण पुरेसं ठरतं. पण ‘काम चालू असताना पाणीपुरवठा बंद’ याला शेवटच नाही. माझ्याकडे एक भाडेकरू अशाच नोटिशीचा फोटो घेऊन आले होते. मालकाच्या मनात एकच दुपार होती. भाडेकरूंनी मात्र ‘घर रिकामं करून घ्यायला पाणी तोडताहेत’ असा अर्थ घेतला होता, आणि कागदावरून तो अर्थ चुकीचा आहे असं मला सांगता येत नव्हतं.

दुसरं, ‘सामान फेकून देण्यात येईल’. वस्तू गच्चीवर असली तरी ती भाडेकरूची आहे. ती बाजूला काढून जपून ठेवता येते, फेकता येत नाही. तिसरं, ‘घर खाली करावे लागेल’. घराचा ताबा कायद्यात दिलेल्या कारणांवर आणि न्यायालयामार्फतच परत मिळतो. भिंतीवर लावलेल्या कागदाने तो मिळत नाही, हे भाडेकरूंनाही माहीत असतं. जी गोष्ट तुम्ही करणार नाही आणि करूही शकत नाही तिची धमकी दिली, की त्याच कागदावरची खरी तारीखसुद्धा लोक गांभीर्याने घेत नाहीत.

याच कायद्यात तुमच्या बाजूचंही काही आहे. कलम 28 प्रमाणे तुम्ही आधी कळवून, योग्य वेळी, भाड्याने दिलेली जागा आत जाऊन पाहू शकता. म्हणजे वरच्या घरांचं छत तपासायला तुम्हाला गयावया करायची गरज नाही, फक्त वेळ आधी कळवायची आहे. आणि कलम 14 प्रमाणे, भाडेकरूबरोबरच्या करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. गच्ची दुरुस्त करून तुम्ही उपकार करत नाही आणि भाडेकरू गच्ची मोकळी करून तुमच्यावर उपकार करत नाहीत, एवढं मनात स्पष्ट असलं की नोटिशीचा सूर आपोआप सरळ येतो.

आता लिहायच्या आधीचं काम. चांगली नोटीस मिस्त्रीशी बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. त्याच्यासोबत गच्चीवर उभे राहा आणि कोणत्या दिवशी काय करणार ते क्रमाने विचारा. सिमेंट-पॉलिमरचं कोटिंग असेल तर काम साधारण असं चालतं. आधी जुन्या कोब्याचा सुटलेला भाग फोडून काढायचा. मग गच्ची झाडून-धुऊन भेगा भरायच्या आणि कठड्याच्या कडेने सिमेंटची गोलाई करायची. त्यानंतर कोटिंगचा एक हात, तो सुकला की त्यावर आडवा दुसरा हात. मग काही दिवस ते मुरू द्यायचं आणि शेवटी पाणी साठवून चाचणी. मे महिन्यात आपल्याकडे स्लॅब दुपारी इतका तापतो की कोटिंग लावता लावता सुकतं आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. म्हणून जाणता मिस्त्री हात सकाळी लवकरच मारतो. याचा अर्थ आवाज आणि वर्दळ सकाळी असणार, आणि हे नोटिशीत यायला हवं.

टाकीच्या पाइप स्लॅबला टेकून गेल्या असतील तर त्या उचलून खालून कोटिंग न्यावं लागतं, नाहीतर पहिली गळती तिथूनच सुरू होते. पाणी बंद राहायचं तेवढंच एक कारण आहे, आणि त्याला एक दिवस पुरतो. चाचणीच्या पाण्याचाही विचार आधी करा. 900 चौरस फुटांच्या गच्चीवर दोन इंच पाणी उभं करायचं तर सव्वाचार हजार लिटर लागतं. भुसावळात नळ रोज येत नाही. इमारतीच्या टाकीतलं पाणी तुम्ही गच्चीवर सोडलंत तर चारही घरं वर येऊन उभी राहतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. टँकर सांगा आणि तसं नोटिशीत लिहा.

मग भाडेकरूंचा विचार. कोणाचं काय अडणार आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही त्याच इमारतीत राहता. उन्हाळ्यात गच्ची म्हणजे वाळवणाची जागा. कोणाचे बिबडे व्हायचे असतात, कोणाच्या कुरडया, कोणाची वर्षाची मिरची. रात्री निम्मी इमारत वर झोपते. आखाजीला माहेरी आलेल्या मुली अजून घरात असतील. भुसावळात एखाद्या घरी रेल्वेची रनिंग ड्युटी असायचीच, म्हणजे कोणीतरी रात्रभर जागून सकाळी आठला झोपायला येतं आणि नेमकं तेव्हा डोक्यावर छिन्नी-हातोडा सुरू होतो. या गोष्टी विचारात घेऊन तारखा ठरवल्या आणि पर्याय दिला, की शेजारधर्म कागदावर दिसतो. नुसतं ‘कृपया सहकार्य करावे’ लिहून तो दिसत नाही.

तुमच्या नोटिशीऐवजी मी ही लावली असती. तारखा उदाहरणादाखल घेतल्या आहेत, तुमच्या मिस्त्रीप्रमाणे बदला.

दि. 22 एप्रिल

नमस्कार मंडळी,

मागच्या पावसाळ्यात आपली गच्ची दोन ठिकाणी गळली आणि वरच्या दोन्ही घरांना त्रास झाला. म्हणून या पावसाळ्याच्या आत मी पूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेत आहे. खर्च माझा आहे, कोणाकडून काही घ्यायचं नाही.

बुधवार 6 मे सकाळी 7 पासून मंगळवार 19 मे रात्रीपर्यंत गच्ची पूर्ण बंद राहील. या दिवसांत वाळवण, कपडे, झोपणं, मुलांचं खेळणं यातलं काहीही वर करता येणार नाही. कोटिंग ओलं असताना त्यावर पाय किंवा खाटेचा खूर पडला तर तिथूनच पुन्हा पाणी उतरतं. म्हणून गच्चीच्या दाराला कुलूप राहील. किल्ली माझ्याकडे आहे, गरज पडली तर हाक मारा.

गच्चीवरचं आपापलं सामान मंगळवार 5 मे संध्याकाळी 6 पर्यंत उतरवावं. ठेवायला जागा नसेल त्यांच्यासाठी जिन्याखालची खोली मोकळी केली आहे. जड वस्तू उतरवायला मंगळवारी दुपारी 4 वाजता मी दोन मजूर बोलावले आहेत. कोणाचं काय उतरवायचं ते रविवार 3 मेपर्यंत सांगा. बुधवारी सकाळी वर जे राहिलं असेल ते मजूर त्याच खोलीत आणून ठेवतील. त्यासाठी काम थांबणार नाही.

पापड, बिबडे, कुरडया बाकी असतील तर 5 मेच्या आत उरकून घ्या. त्यानंतर वाळवणाला आणि कपड्यांना आमचं मागचं अंगण सगळ्यांना मोकळं आहे.

बुधवार 6 आणि गुरुवार 7 मे रोजी सकाळी 7 ते दुपारी 12 फोडाफोडीचा मोठा आवाज राहील. इतर दिवशी आवाज फारसा नसेल.

शुक्रवार 8 मे रोजी सकाळी 10 ते संध्याकाळी 5 टाकीचं पाणी बंद राहील. सकाळी 9 पर्यंत भरून ठेवा. कमी पडलं तर आमच्या खालच्या हौदातून न्या. बाकी सर्व दिवस पाणी नेहमीसारखं राहील. रविवार 17 ते मंगळवार 19 मे गच्चीवर पाणी साठवून चाचणी होईल. ते पाणी टँकरने आणणार आहे, आपल्या टाकीतलं घेणार नाही.

चाचणीच्या वेळी वरच्या दोन्ही घरांचं छत आतून पाहावं लागेल. मी आणि मिस्त्री सोमवार 18 आणि मंगळवार 19 मे रोजी संध्याकाळी 6 ते 7 च्या दरम्यान पाच-दहा मिनिटं येऊ. ही वेळ जमत नसेल तर 15 मेपर्यंत याच दोन दिवसांतली दुसरी वेळ सांगा.

तारीख पुढेमागे झाली तर आदल्या संध्याकाळी इथेच आणि ग्रुपवर लिहीन. दोन आठवडे सगळ्यांची गैरसोय होणार आहे, याची मला कल्पना आहे. कोणाची अडचण असेल तर 30 एप्रिलपर्यंत घरी येऊन सांगा. संध्याकाळी 7 नंतर मी घरीच असतो.

(नाव, सही, फोन नंबर)

तुमच्या नोटिशीपेक्षा ही बरीच लांब आहे. तरी ती लहान करायला मी सांगणार नाही, कारण यातल्या प्रत्येक परिच्छेदामुळे जिन्यात तुम्हाला विचारला जाणारा एकेक प्रश्न कमी होतो. अक्षर मोठं ठेवा आणि तारखा जाड करा, म्हणजे जाता-येता नजर टाकणाऱ्यालाही तेवढं कळतं.

यातला ठामपणा कुठे आहे ते बघा. ‘त्यासाठी काम थांबणार नाही’ हे नोटिशीतलं सगळ्यात कडक वाक्य आहे, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. सामान राहिलं तर काय होईल ते आधीच सांगितलं आहे. जे होईल ते तुम्ही खरोखर करणार आहात, आणि त्यात भाडेकरूचं नुकसानही नाही. फक्त एक काळजी घ्या: राहिलेलं सामान उतरवताना फोटो काढा, आणि शक्य असेल तर त्या घरातल्या माणसाला समोर उभं करा. मडक्याला तडा गेला की कोणी पाडलं यावरून महिनाभर कुरबुर चालते.

‘करण्यात येईल’ अशी वाक्यरचना मी सगळीकडून काढली आहे. ती कचेरीत शोभते, कारण तिथे सही करणारा माणूस आणि काम करणारं खातं वेगळं असतं. तुम्ही मात्र त्याच जिन्यावरून चढ-उतार करणार आहात. ‘मी करून घेत आहे’, ‘मी बोलावले आहेत’ असं लिहिलं की जबाबदारी कोणाची ते दिसतं, आणि भाडेकरूच्या ‘उतरवावं’ला वजन येतं, कारण त्याच कागदावर तुम्ही स्वतःलाही कामाला लावलेलं असतं.

‘शक्यतो’ आणि ‘जमल्यास’ हे शब्द मात्र जपून वापरा. बरेच मालक वाईट दिसू नये म्हणून लिहितात, ‘शक्यतो 5 तारखेपर्यंत सामान काढावे’. वाचणारा तेवढं पकडतो आणि 8 तारखेला म्हणतो, “तुम्हीच तर शक्यतो म्हणाला होतात.” जिथे सवलत आहे तिथे ती उघड द्या, जशी छत पाहायच्या वेळेत दिली आहे: वेळ बदला, पण दिवस हेच. जिथे सवलत नाही तिथे कारण एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. ओल्या कोटिंगवर पाय पडला तर काय होतं हे एकदा वाचलं की कुलूप पाहून कोणाला राग येत नाही. दर परिच्छेदात माफी मागू नका. ‘क्षमस्व’ चार वेळा आलं की वाचणाऱ्याला वाटतं, मालकालाच हे काम नीटसं पटलेलं नाही, थोडं ताणलं तर तारीख हलेल.

‘तक्रार ऐकून घेतली जाणार नाही’ याच्या जागी मी तक्रारीला मुदत दिली आहे. हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 30 एप्रिलपर्यंत कोणी येऊन म्हणालं की 10 मेला मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, तर मिस्त्रीशी बोलून दोन दिवस मागे-पुढे करता येतात. तीच अडचण 9 मेला पहिला हात सुकल्यावर कळली तर काही करता येत नाही, आणि तसं शांतपणे सांगायचा अधिकार तुम्हाला या मुदतीमुळेच मिळतो.

काही गोष्टी भिंतीवर लिहायच्या नसतात. मागच्या वर्षी कोणी गच्चीवर खिळे ठोकले, कोणाच्या कुंड्यांमुळे पाणी मुरलं, कोणाचं भाडं थकलं आहे, हे दुरुस्तीच्या नोटिशीत कधीच घालू नका. एका घरावरचा टोमणा चारही घरं वाचतात. रनिंग ड्युटीवाल्या भाडेकरूकडेही कागदावर बोट दाखवू नका. त्यांच्या दारी जाऊन सांगा, “दादा, बुधवार-गुरुवार सकाळी फार आवाज होईल. नाइट असली तर आमच्या पुढच्या खोलीत येऊन झोपा, कुलर आहे.” ते येतील की नाही हा पुढचा प्रश्न, पण त्या सकाळी ते तुमच्याशी भांडायला येणार नाहीत.

नोटीस भिंतीवर लावाच आणि ग्रुपवरही टाका. ग्रुपवरचा निरोप दुपारपर्यंत शुभेच्छांखाली दबतो, आणि घरातल्या सगळ्यांकडे तो जातही नाही. वाळवणाचं जे माणूस बघतं, तेच बहुतेक ग्रुपमध्ये नसतं. म्हणून लावल्याच्या संध्याकाळी चारही दारी जाऊन एकदा तोंडी सांगा. लावलेल्या नोटिशीचा तारखेसकट फोटो स्वतःजवळ ठेवा. वरच्या दोन घरांना आत येण्याच्या वेळेची वेगळी चिठ्ठी द्या आणि तुमच्या प्रतीवर त्यांची सही घ्या. कलम 28 साठी तुम्ही आधी कळवलं होतं याचा तो पुरावा असतो.

दोन आठवड्यांत बहुतेक वेळा बिघडते ती मिस्त्रीची तारीख. लग्नसराई असते, मजूर गावाला जातात, आणि बुधवारचं काम शुक्रवारवर जातं. अशा वेळी जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. त्याच्याशेजारी दुसरा छोटा कागद लावा:

“मिस्त्रीकडे अडचण आल्यामुळे काम बुधवार 6 मेऐवजी शुक्रवार 8 मेला सुरू होईल. पाणी आता रविवार 10 मे सकाळी 10 ते 5 बंद राहील. पुढच्या सर्व तारखा दोन दिवसांनी पुढे गेल्या, म्हणजे गच्ची शुक्रवार 22 मे सकाळपासून मोकळी. सामान उतरवायची मुदत आता गुरुवार 7 मे संध्याकाळी 6. मजूरही गुरुवारीच 4 वाजता येतील.”

यात नुसतं ‘दोन दिवस पुढे’ न म्हणता पाण्याचा दिवस पुन्हा लिहिला आहे, कारण हिशेब चुकला तर बादल्या रिकाम्या राहणार त्या त्याच दिवशी. आणि ठरलेल्या तारखेला मिस्त्रीने सांगितलं की कोटिंग मुरलंय, चाचणीत छत कोरडं राहिलं, तर त्याच सकाळी कुलूप काढून गच्ची मोकळी झाल्याचं लिहा. बंद करायची तारीख पाळून घेतलीत तशी उघडायचीही पाळली, तर पुढच्या वेळी, समजा ड्रेनेजच्या पाइपचं काम निघालं, तेव्हा हीच चार घरं तुमच्या कागदावरची तारीख पहिल्या वाचनात खरी मानतील.